तळजाईवर सत्तावीस, जिममध्ये अकरा

*डॉक्टर, मी ४८ वर्षांचा, पुण्यात बँकेत नोकरीला. दीड वर्षापासून तळजाईच्या टेकडीवर चालतो, थोडं धावतो. नवीन घड्याळ कसरत संपली की एका मिनिटात हृदयाचे ठोके किती उतरले ते दाखवतं. एका रविवारी २७ आले, पुढच्या रविवारी १४ आणि परवा बुधवारी जिममध्ये ११. बाराच्या खाली धोका असतो असं वाचलं. माझ्याबरोबरचा मित्र माझ्याहून हळू धावतो, त्याच्या घड्याळात ४४ दिसतात. वडील ६१ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. मला बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे. छातीत दुखणं, चक्कर वगैरे काही नाही. बायको म्हणते, घड्याळ काढून ठेव. तिन्ही दिवसांचे आलेख सोबत पाठवतोय. दहा दिवसांत माझा फिटनेस निम्म्यावर आला का?*
*— एक वाचक, पुणे*

सप्रेम नमस्कार.

नाही, आला नाही. तुम्ही आलेख पाठवलेत हे फार बरं केलंत, कारण नुसते तीन आकडे वाचून मलाही काळजी वाटली असती. आलेख पाहिल्यावर वेगळीच गोष्ट दिसते आणि ती तुमच्या हृदयाची नसून बोटाची आहे. घड्याळावरचं 'संपलं' हे बटण तुम्ही तीन दिवशी तीन वेगळ्या क्षणी दाबलंत.

पहिल्या रविवारी टेकडीचा शेवटचा चढ धावत संपवलात आणि वर पोचताच बटण दाबलंत. त्या क्षणी ठोके १६६ होते, एका मिनिटाने १३९. फरक २७. सरळ हिशेब.

दुसऱ्या रविवारी तुम्ही तोच चढ धावलात, वर पोचलात तेव्हा ठोके १६४ होते. पण बटण तिथे दाबलं नाही. आलेखात त्यानंतर अडीच मिनिटांची एक उतरती रेघ दिसते. बहुधा मित्राशी बोलत सावकाश चालत आला असाल. बटण दाबलं तेव्हा ठोके १२४ होते आणि मिनिटभराने ११०. घड्याळाने १२४ मधून ११० वजा केले आणि १४ दाखवले. आता त्याच आलेखावर बोट ठेवून १६४ च्या टोकापासून बरोबर एक मिनिट पुढे जा. तिथे १३८ आहेत. म्हणजे खरी उतरण २६ होती, पण ती घडत असताना घड्याळाच्या लेखी तुमची कसरत चालूच होती. सगळ्यात वेगाने उतरण्याचं मिनिट हिशेबाबाहेर राहिलं आणि मंदावलेलं मिनिट हिशेबात आलं.

बुधवारी हेच आणखी ठळक झालं. जिममधल्या ट्रेडमिलने धावणं संपल्यावर तुम्हाला पाच मिनिटं हळू चालवलं, आणि पट्टा थांबल्यावर तुम्ही बटण दाबलंत. तोवर ठोके ११२ वर आले होते. मिनिटाने १०१. आकडा ११. धावणं जिथे संपलं तिथे आलेखात १५८ आहेत आणि त्यानंतर मिनिटभराने १३५. उतरण २३.

तेव्हा तुमचे तीन दिवस २७, १४, ११ असे नाहीत. ते २७, २६, २३ असे आहेत. शेवटचा जरा कमी का, तेही सांगता येतं. टेकडीवर तुम्ही धावणं संपताच थांबलात किंवा रमतगमत चाललात. ट्रेडमिलवर मात्र पट्टा फिरत असल्याने पायांना काम सोडता आलं नाही. पाय काम करत राहिले की हृदयही तेवढं काम करत राहतं.

बटणाच्या वेळेने एवढा फरक का पडतो, हे समजायला ठोके उतरतात कसे ते थोडं पाहावं लागेल. हृदयाला स्वतःची एक लय असते. बाहेरून कुठलाच हुकूम आला नाही तर मध्यमवयीन माणसाचं हृदय मिनिटाला शंभरच्या आसपास किंवा थोडं कमी धडधडत राहील. आपण निवांत बसलेलो असताना ते साठ-सत्तरवर असतं, कारण मेंदूकडून छातीत उतरणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू त्याचा लगाम सतत खेचून धरतो. तुम्ही चढ चढायला लागता तेव्हा शरीर पहिल्यांदा हा लगाम सैल करतं. त्याने भागलं नाही की दुसऱ्या बाजूने रेटा येतो. हृदयाला हाकणाऱ्या नसा जाग्या होतात आणि रक्तात अॅड्रिनलिन वाढतं.

थांबल्यावर या दोन गोष्टी एकाच वेगाने मागे फिरत नाहीत. लगाम काही सेकंदांत पुन्हा आवळला जातो. स्नायूंचं काम थांबल्याची बातमी मेंदूला लगेच मिळते आणि व्हेगस कामाला लागतो. अॅड्रिनलिन ओसरायला आणि तापलेलं अंग निवायला मात्र कितीतरी मिनिटं लागतात. म्हणून पहिल्या अर्ध्या-एक मिनिटातली घसरण बहुतांशी लगामाची असते आणि नंतरची उतरण रेटा ओसरण्याची. १९९४ साली जपानी संशोधकांनी हे तपासून दाखवलं. अॅट्रोपिन या औषधाने व्हेगसचं काम रोखलं तेव्हा थांबल्यानंतरची ती सुरुवातीची झपाट्याची घसरण मंदावली. त्याच अभ्यासात ही घसरण खेळाडूंमध्ये वेगवान आणि हृदय कमजोर झालेल्या रुग्णांमध्ये मंद आढळली.

तुमच्या घड्याळातला आकडा मुळात या लगामाचं मोजमाप आहे. बटण अडीच मिनिटं उशिरा दाबलं तर आपण लगाम मोजतच नाही, त्याच्यामागून येणारी सावकाश ओसरण मोजतो.

आता त्या 'बारा'कडे येऊ, कारण तुमची झोप त्याने उडवली आहे. हा आकडा हवेतून आलेला नाही. १९९९ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी २,४२८ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही सगळी माणसं डॉक्टरांनी ट्रेडमिलच्या तपासणीसाठी पाठवलेली होती, सरासरी वय ५७. जेवढं झेपेल तेवढं त्यांना चालवलं-पळवलं, मग पट्टा ताशी अडीच किलोमीटरच्याही खाली आणून, अगदी हलक्या चढावर, दोन मिनिटं चालू ठेवला. पहिल्या मिनिटात ज्यांचे ठोके १२ किंवा त्याहून कमी उतरले, त्यांच्यात पुढच्या सहा वर्षांत मृत्यूचं प्रमाण इतरांच्या चौपट होतं. वय, इतर आजार, तपासणीतले बाकी दोष हे सगळं हिशेबात धरल्यावर ते दुप्पट राहिलं. दुप्पट ही लहान गोष्ट नाही, म्हणून हा अभ्यास आजही महत्त्वाचा मानतात.

पण त्यातल्या अटी पाहा. माणसाला दमेपर्यंत पळवलेलं, थांबण्याचा क्षण यंत्राने नेमका टिपलेला, त्यानंतरची चाल ठरलेली आणि ठोके छातीवरच्या ईसीजीवरून मोजलेले. याच रुग्णालयात काही वर्षांनी ज्यांना ट्रेडमिल थांबताच लगेच आडवं करून सोनोग्राफीने हृदय पाहिलं जातं, अशा रुग्णांवर अभ्यास झाला. तिथे धोक्याची रेघ १८ ठोक्यांवर निघाली. रुग्णालय तेच, मिनिट तेच, पण माणूस चालतोय की आडवा झालाय एवढ्यावर रेघ बारावरून अठरावर गेली. आडवं झाल्यावर पायांतलं रक्त सहज हृदयाकडे परततं, ठोके लवकर उतरतात, म्हणून तिथे जास्त उतरणीची अपेक्षा धरावी लागते. बुधवारचे तुमचे ११ यांपैकी कुठल्याच रेघेशी ताडून पाहता येत नाहीत, कारण ते ११२ पासून मोजलेले आहेत. जो घोडा आधीच चालीवर आलाय, त्याला थांबायला किती वेळ लागला यावरून त्याची दौड कळत नाही.

हाच मुद्दा जरा वेगळ्या रूपात रोजच्या फिरण्यातही येतो. उतरायला जागा असावी लागते. तुमचे बसल्या जागी ठोके ६८ आहेत असं आलेखात दिसतं. १६६ वरून खाली यायला जवळजवळ शंभर पायऱ्या मोकळ्या आहेत. नुसतं भरभर चालून ११० पर्यंत गेलात तर खाली फक्त बेचाळीस उरतात, आणि त्या दिवशी १५ ची उतरणही चांगलीच असू शकते. म्हणून रोज सकाळी फिरून आल्यावर हा आकडा पाहायची सवय मी सांगणार नाही. त्यातून फक्त घोर लागतो.

मित्राच्या ४४ बद्दल मला दोन शंका आहेत. एक तर त्याचं घड्याळ दोन मिनिटांनंतरचा फरक दाखवत असेल. काही कंपन्यांच्या घड्याळांत ही उतरण, म्हणजे रिकव्हरी, दोन मिनिटांचीच असते. तुमचा पहिल्या रविवारचा आलेख दुसऱ्या मिनिटाला १२३ वर आहे, म्हणजे त्या मोजमापाने तुमचेही ४३ होतात. दुसरं, तो वर पोचताच कठड्यावर बसत असेल. बसल्यावर उभ्यापेक्षा लवकर उतरतं. दोन माणसं, दोन कंपन्या, दोन पद्धती. ही तुलना सोडून द्या.

तिसरी एक शक्यता त्याच्याच नव्हे, कुणाच्याही मनगटावर असते आणि ती ओळखता यायला हवी. घड्याळ हिरव्या उजेडाने त्वचेखालच्या रक्ताची लाट पाहतं. धावताना हात हलतो, पट्टा सैल असतो, घाम असतो, आणि मग कधी कधी ते रक्ताच्या लाटेऐवजी पावलांची लय पकडतं. तुम्ही मिनिटाला १७० पावलं टाकत असाल तर ठोकेही १७० दाखवतं, मग हृदय १४५ वर का असेना. थांबलात की पावलं थांबतात, घड्याळाला खरे ठोके सापडतात आणि आकडा एकदम कोसळतो. ही उतरण नाही, चूक दुरुस्त झाली एवढंच. आलेखात ती कड्यासारखी सरळ खाली आलेली दिसते, खरी उतरण वळणाच्या रस्त्यासारखी येते. धावताना ठोके आणि पावलं बराच वेळ एकाच आकड्यावर चिकटलेली दिसली तर त्या दिवशीची रिकव्हरी विसरून जा. तुमच्या तिन्ही आलेखांत असं झालेलं नाही, मी पावलांची रेघ शेजारी ठेवून पाहिली.

आता नीट मोजायचं कसं. मी टीएमटीच्या, म्हणजे ट्रेडमिलवरच्या तपासणीच्या खोलीत बरीच वर्षं काढली आहेत. तिथे एकच गोष्ट शिकलो, ती म्हणजे दोन तपासण्यांची तुलना करायची असेल तर सगळं सारखं ठेवावं लागतं. घरच्या मोजमापालाही तेच लागू.

दोन आठवड्यांत तीन दिवस निवडा. शक्यतो सकाळी, चहा-कॉफीच्या आधी, आदल्या रात्री नीट झोप झालेली असताना. घड्याळाचा पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट पण हात सुन्न होणार नाही इतका. आधी दहा मिनिटं नेहमीच्या चालीने अंग तापवा. मग टेकडीवरचा एखादा ठरलेला टप्पा घ्या, तीन-चार मिनिटांचा, आणि तो अशा वेगाने चढा की शेवटी बोलायचं झालं तर दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये. जीव खाऊन नाही. तुमच्या बाबतीत ठोके १५५ ते १६० च्या आसपास येतील. तिन्ही वेळा शेवटचे ठोके एकमेकांपासून पाचापेक्षा जास्त दूर नकोत, नाहीतर त्या दिवशीचं मोजमाप धरू नका.

टप्पा संपला त्याच क्षणी बटण दाबा आणि दोन मिनिटं अगदी सावकाश, देवळाला प्रदक्षिणा घालतो तसं चाला. एकदम पुतळ्यासारखं उभं राहू नका. जोरात धावताना पायांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. ते अचानक थांबले की रक्त पायांत साचतं आणि बीपीची गोळी घेणाऱ्याला भोवळ येऊ शकते. बसायची सवय असेल तर तिन्ही वेळा बसा, पण मिसळू नका. या वेळात बोलणं, फोन आणि पाणी पिणं टाळा. हात शांत असला की घड्याळही नीट वाचतं.

घड्याळ थांबण्याच्या क्षणी कधी कधी काही सेकंद मागचा आकडा दाखवतं, कारण ते शेवटच्या काही सेकंदांची सरासरी घेतं. म्हणून एकदा तरी बोटांनी पडताळा. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर नाडी धरा आणि थांबल्यानंतरच्या ५५ व्या सेकंदापासून ६५ व्या सेकंदापर्यंत मोजा. आलेल्या संख्येला सहाने गुणा. २२ मोजलेत तर १३२. दहा सेकंदांत एखादा ठोका इकडेतिकडे झाला तर सहाचा फरक पडतो, तेवढी ढिलाई धरूनच घड्याळाशी जुळवा. दहाच्या आत जुळलं तर घड्याळावर विश्वास ठेवा. फार हौस असेल तर छातीला बांधायचा पट्टा मिळतो, तो विजेचा संकेत पकडतो आणि मनगटावरच्या उजेडापेक्षा भरवशाचा असतो.

तीन आकडे आले की मधला घ्या. सरासरी नको, एक चुकीचा दिवस सरासरी बिघडवतो. २४, २७, २५ आले तर तुमचा आकडा २५. तो कागदावर लिहा, सोबत शेवटचे ठोके, हवा आणि बसलात की चाललात हेही. मग सहा ते आठ आठवडे विसरून जा आणि त्यानंतर पुन्हा तीन दिवस तसंच करा.

आता त्यातून कळतं काय ते सांगतो. तुमच्या वयात, नीट मोजलेल्या पहिल्या मिनिटात पंचवीसच्या आसपास उतरण ही चांगली आहे. नियमित धावणाऱ्यांत तीस-चाळीस सहज दिसते. पण पंचवीसचे सत्तावीस झाले म्हणून सुधारणा झाली असं मी म्हणणार नाही. दोन-चार ठोके हवेने, झोपेने, आदल्या रात्रीच्या जेवणाने इकडेतिकडे होतात. मे महिन्यातल्या उकाड्यात शरीराला अंग थंड करायला त्वचेकडे जास्त रक्त पाठवावं लागतं, ठोके वर अडकून राहतात आणि डिसेंबरच्या मानाने उतरण कमी येते. ताप येऊन गेल्यावरच्या आठवड्यात, पाणी कमी प्यायल्यावर, आदल्या दिवशी मद्य घेतलं असल्यास हेच होतं. म्हणून उन्हाळ्याचा आकडा हिवाळ्याशी ताडू नका. सारख्या हवेत, सारख्या टप्प्यावर, मधला आकडा पंचवीसवरून बत्तीस-तेहतीसवर गेला तर ती खरी सुधारणा समजा. नियमित चालण्या-धावण्याने ती येते, हृदयरोगानंतर व्यायाम सुरू केलेल्या रुग्णांतही ती मोजता येते.

त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट पाहा, जी मला रिकव्हरीपेक्षाही जास्त आवडते. तोच टप्पा त्याच वेळात चढल्यावर शेवटचे ठोके किती आहेत? आज १५८ आणि तीन महिन्यांनी १५० असतील, तर त्याच कामासाठी हृदयाला कमी धावावं लागतंय. पण मग त्या दिवशीची रिकव्हरी जुन्या आकड्याशी थेट ताडता येत नाही, कारण सुरुवातच खालून झाली. दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच वाचावे लागतात.

उलटीही एक फसगत आहे. कधी उतरण एकदम वेगवान होते, पण पाय जड असतात, चढ नेहमीपेक्षा अवघड वाटतो आणि कितीही जोर लावला तरी ठोके वरच जात नाहीत. अतिसराव केलेल्या धावपटूंमध्ये हे पाहायला मिळतं. ही तंदुरुस्ती नाही, थकवा आहे. अशा वेळी चार-पाच दिवस हलकं घ्यायचं.

गोळीचं पाहू. टेल्मिसार्टन रक्तवाहिन्या सैल करते, ठोक्यांवर तिचा फारसा परिणाम नाही. पण आपल्याकडे टेल्मिसार्टनबरोबर दुसरं औषध एकाच गोळीत मिळतं आणि नावात फक्त एखाद्या अक्षराची भर असते. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, नेबिव्होलॉल असं काही आहे का ते पाहा. असल्यास ती औषधं ठोके वर जाऊच देत नाहीत, आणि मग कमाल ठोके, रिकव्हरी, घड्याळाने दाखवलेले रंगीत पट्टे हे सगळंच वेगळं वाचावं लागतं. त्या आकड्यासाठी गोळी बंद करायची नाही, एक दिवसही नाही. आणि कधी गोळी बदलली तर बदलाची तारीख त्याच कागदावर लिहा. नाहीतर दोन महिन्यांनी आकडा हलल्याचं कारण सापडायचं नाही.

तुमच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. तुमच्या पत्रातली खरी भीती तिथे आहे हे मला कळतं, म्हणून याबाबत स्पष्ट लिहितो. ही रिकव्हरी चांगली आली तरी हृदयाच्या धमनीत अडथळा नाही असं ती सांगू शकत नाही. ती लगाम मोजते, नळ किती बुजलाय ते मोजत नाही. टेकडीवर चढताना छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, नेहमीच्या चढावर अचानक जास्त धाप, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही झालं तर त्या दिवशी घड्याळात ४० आले तरी थांबायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. नाडी मोजताना ती अनियमित वाटली, दोन जवळ मग एक लांब अशी, तरीही दाखवा. तशा नाडीत रिकव्हरीच्या आकड्याला अर्थच उरत नाही.

आणि काही त्रास नसतानाही, नीट मोजून तीनपैकी तिन्ही दिवस आकडा बाराच्या आसपास किंवा खाली आला, गोळीत दुसरं औषध नाही, ताप-झोपेचं कारण नाही, तर तो कागद घेऊन डॉक्टरांना भेटा. ते गरज वाटल्यास टीएमटी सांगतील, जिथे हेच मिनिट ईसीजीवर मोजता येतं आणि सोबत बीपी आणि हृदयाचा आलेखही मिळतो. तुमच्या आलेखांवरून ही वेळ येईल असं मला वाटत नाही.

पण एका भेटीसाठी त्या आकड्याची वाट पाहू नका. वडील साठीच्या सुरुवातीला गेले, तुम्हाला बीपी आहे, वय अठ्ठेचाळीस. उपाशीपोटी साखर, कोलेस्टेरॉल आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या वर्षभरात झाल्या नसतील तर या महिन्यात करून घ्या. डॉक्टरांना वडिलांचं वय आणि तुम्ही टेकडीवर धावता हे दोन्ही सांगा. टेकडीवर जोर लावण्याआधी तपासणी हवी का, हे तेच ठरवू शकतात. वर सांगितलेलं तीन दिवसांचं मोजमापही त्यांच्याशी बोलून झाल्यावरच सुरू करा, तोवर नेहमीच्या चालीने फिरायला हरकत नाही.

घड्याळ काढून ठेवू नका. बायकोला दुसऱ्या रविवारचा आलेख दाखवा, १६४ च्या टोकापासून एक मिनिट पुढे बोट ठेवा आणि तिथला आकडा तिलाच वाचायला सांगा.